पुरुष वैद्यकीय कक्ष : रात्रपाळीकडून सकाळपाळीकडे कार्यभार हस्तांतरण नोंद

दिनांक २० सप्टेंबर २०२५, शनिवार. रात्रपाळी १९ सप्टेंबर रात्री ८ ते २० सप्टेंबर सकाळी ८.
नोंद पूर्ण केल्याची वेळ सकाळी ७.२०.

पाळी हाती घेतली तेव्हा कक्षात २६ रुग्ण होते. रात्री दोन नवे दाखल झाले आणि खाट क्रमांक १७ वरील रुग्णाला नातेवाइकांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेले (सही घेतलेला अर्ज केसपेपरला जोडला आहे), त्यामुळे आता २७ रुग्ण आहेत. खाली खाटांचा क्रम पाळलेला नाही. ज्यांच्याकडे आधी जावे लागेल ते रुग्ण आधी लिहिले आहेत. कृपया पहिली फेरी खाट ७ पासूनच सुरू करावी आणि तेथील तपासणी आपण दोघींनी मिळून करावी, म्हणजे मी काय पाहिले आणि आपण काय पाहता यात फरक राहणार नाही.

खाट क्रमांक ७. वय ३४, कीटकनाशकाची विषबाधा (ऑर्गॅनोफॉस्फेट), गुरुवारी दुपारी ३ वाजता दाखल, म्हणजे आज सकाळी ७ वाजता ४० तास झाले. ॲट्रोपिन सिरिंज पंपावर ताशी २ मिग्रॅ चालू आहे. छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे, काखा कोरड्या आहेत, नाडी ९६, रक्तदाब ११८/७६, ताप नाही, बडबड नाही, पोटातील आवाज ऐकू येतात. एवढे पाहून रुग्ण सुधारला असे वाटेल, आणि पहाटेपर्यंत मलाही तसेच वाटत होते. ५.३० वाजता उशीचा अभ्रा बदलताना त्याला डोके उचलायला सांगितले तेव्हा हनुवटी जेमतेम वर आली आणि मान परत उशीवर पडली. रात्री १० वाजता तोच रुग्ण मान उचलून पाणी प्यायला होता. त्यानंतर एका श्वासात आकडे मोजायला लावले असता ५.३० वाजता १९ पर्यंत आणि ७ वाजता १५ पर्यंतच मोजता आले. श्वसनाचा वेग मिनिटाला १८ वरून २४ झाला असून ऑक्सिजनचे प्रमाण ९७ वरून ९४ टक्क्यांवर आले आहे. ऑक्सिजन मास्कने मिनिटाला ६ लिटर सुरू केला आहे.

ड्यूटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्यांना ५.४० वाजता फोन केला, त्यांनी ६ वाजता येऊन तपासले आणि अतिदक्षता विभागात हलवण्याचा आदेश केसपेपरवर लिहिला. तेथील खाट ९ वाजेपर्यंत रिकामी होईल असे तिथल्या सिस्टरांनी कळवले आहे. तोपर्यंत दर अर्ध्या तासाने मान उचलणे, एका श्वासातील आकडे, श्वसनाचा वेग आणि ऑक्सिजन यांची नोंद ठेवायची आहे. आकडे १० च्या खाली आले, श्वास उथळ झाला किंवा लाळ गिळता येईनाशी झाली तर ९ वाजण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना बोलवावे. ॲट्रोपिनने छातीतला स्राव आटोक्यात राहतो, स्नायूंच्या या दुबळेपणावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून मान ढिली दिसली तरी आदेशाशिवाय पंपाचा वेग वाढवू नये. तोंडाने काहीही देणे ६ वाजल्यापासून बंद केले आहे. रुग्णाच्या आईला हे दोनदा सांगितले आहे, तरी चहाचा थर्मास खाटेखालीच असतो, तो कृपया पाहावा.

याच रुग्णाबद्दल आणखी एक गोष्ट. दाखल करताना नातेवाइकांनी फवारणी करताना विष अंगावर उडाले असे सांगितले होते. पहाटे ३ वाजता आई झोपलेली असताना रुग्णाने स्वतःहून मला सांगितले की औषध त्याने प्यायले. हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवले असून त्याच्याच शब्दांत केसपेपरवर नोंदले आहे. पोलीस चौकीला पहिली सूचना गुरुवारीच गेलेली आहे, बदललेल्या माहितीची सूचना डॉक्टर देतील. उशाजवळचा दाढीचा संच काढून परिसेविकांच्या कपाटात ठेवला आहे. रुग्णाला क्षणभरही एकटे ठेवू नये, आणि त्याने काय सांगितले याची चर्चा खाटेजवळ किंवा नातेवाइकांसमोर होऊ नये, कारण त्याने ते आईलाही अजून सांगितलेले नाही. मानसोपचार तज्ज्ञांना बोलावण्याचा कागद तयार आहे, तो रुग्णासोबत अतिदक्षता विभागात जायला हवा.

खाट क्रमांक ३. वय ४५, वजन ५८ किलो, उजव्या पावलाला सर्पदंश, काल संध्याकाळी ६.३० च्या सुमारास सोयाबीनच्या शेतात. नातेवाइकांच्या वर्णनावरून घोणस. रात्री ९ वाजता दाखल. २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले नाही म्हणून ९.४० वाजता सर्पदंशावरील लसीच्या १० कुप्या सुरू केल्या. साधारण २० मिनिटांत अंगावर गांधी उठल्या आणि हुडहुडी भरली. सलाईन थांबवून आदेशानुसार ॲड्रेनॅलीन ०.५ मिग्रॅ दिले, अर्ध्या तासाने रुग्ण स्थिर झाल्यावर लस हळू वेगाने पुन्हा सुरू केली आणि ती ११.५० ला संपली. ३.५० वाजताच्या चाचणीतही रक्त गोठले नाही, त्यामुळे ४.१५ ते ५.२० या वेळेत आणखी १० कुप्या दिल्या, या वेळी काही त्रास झाला नाही. पुढील चाचणी १०.१५ वाजता आहे. तिच्यासाठी नव्या, कोरड्या काचेच्या दोन नळ्या ड्रेसिंग ट्रॉलीच्या वरच्या खणात कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. ट्रेमधील नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली आहे, तीत रक्त गोठले नाही तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून ती वापरू नये.

मला काळजी लघवीची वाटते. रात्री ९ ते सकाळी ७ या वेळेत एकूण ३८० एमएल झाली, पण शेवटच्या तीन तासांत फक्त ६०, आणि रंग काळ्या चहासारखा आहे. हे ७ वाजता डॉक्टरांना सांगितले आहे. क्रिएटिनिनचा नमुना ६ वाजता प्रयोगशाळेत गेला, अहवाल फोन करून मागवावा, आपोआप येण्याची वाट पाहू नये. पोटरीवर पेनने रेघ मारून मोजलेला घेर १० वाजता ३४ सेंमी होता, ६.३० वाजता ३६.५ झाला, बोटे गरम आहेत आणि हलतात. पुढचे माप त्याच रेघेवर घ्यावे. हिरड्यांतून किंचित रक्त येते. स्नायूत कोणतेही नेहमीचे इंजेक्शन देऊ नये, धनुर्वाताचेही रक्त गोठू लागेपर्यंत थांबवलेले आहे, ते राहून गेलेले नाही.

खाट क्रमांक १५. वय २४, वजन ६० किलो, डेंग्यू, तापाचा पाचवा दिवस. ताप रात्री उतरला, ६ वाजता ९७.८ अंश फॅरनहाइट, आणि नातेवाईक घरी जाण्याची विचारणा करत आहेत. मात्र ४ वाजल्यापासून पोटात दुखते आहे, दोन उलट्या झाल्या, हिमॅटोक्रिट काल संध्याकाळच्या ४० वरून ४६ झाले, आणि रक्तदाब रात्रीच्या ११०/७० वरून १००/७८ झाला, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यातले अंतर २२ वर आले आहे. वरचा आकडा एकटा पाहिला तर हे लक्षात येत नाही. डॉक्टरांच्या आदेशाने ६.१५ पासून रिंगर लॅक्टेट ताशी ३०० एमएल दोन तासांसाठी चालू आहे. ८.१५ वाजता, म्हणजे नेमके हस्तांतरण संपून चहाची वेळ होते तेव्हा, रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट पाहून पुढचा वेग डॉक्टरांना विचारायचा आहे. हाच वेग तसाच चालू राहिला तर धाप लागण्याचा धोका आहे. प्लेटलेट काल ४२,००० होत्या, आजचा नमुना गेला आहे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यायची आहे.

खाट क्रमांक २० आणि २१. या दोघांचे नाव आणि आडनाव एकच आहे, वयात दोन वर्षांचा फरक आहे, आणि २० वरील रुग्णाला आज रक्त द्यायचे आहे. खाट २० हा सिकलसेलचा रुग्ण, पाठ आणि मांड्यांच्या वेदना रात्री १० पैकी ८, इंजेक्शननंतर ४, हिमोग्लोबिन ५.८, गट ओ पॉझिटिव्ह. खाट २१ टायफॉइडचा, गट बी पॉझिटिव्ह, ताप उतरणीला, विशेष तक्रार नाही. दोघांच्या केसपेपरवर लाल पेनने आंतररुग्ण क्रमांक मोठा लिहिला आहे आणि मनगटावर पट्ट्या बांधल्या आहेत. रक्तपेढीकडून पिशवी ९.३० ला मिळणार आहे. ती आणायला मामांना पाठवताना नाव सांगू नये, क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. खाटेजवळ दोघींनी पिशवी, मागणीपत्र आणि मनगटाची पट्टी एकत्र वाचून मगच सुरुवात करावी. पेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू करून चार तासांच्या आत संपवावी, आणि पहिली १५ मिनिटे कोणीतरी खाटेजवळच थांबावे.

खाट क्रमांक ११. वय ६२, मधुमेह आणि पायाची जखम. २.४० वाजता घाम फुटला, रक्तातील साखर ५४ निघाली. ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर १५ मिनिटांनी ८८, मग बिस्किटे दिली, ६ वाजता १३२. कारण माझ्याकडचे आहे : ८.३० वाजता जेवणाचे ताट समोर आलेले पाहून मी इन्सुलिन दिले, पण तो जेवला का हे पाहिले नाही, आणि ताट भरलेलेच परत गेले. घटनेची नोंद घटना-वहीत केली आहे. सकाळचा डोस डॉक्टरांना विचारून, आणि निम्मा नाश्ता प्रत्यक्ष पोटात गेल्यानंतरच द्यावा.

खाट क्रमांक २६. अर्धांगवायू, रायल्स ट्यूबने आहार. माकडहाडावर ४ बाय ३ सेंमी लाल डाग आहे, दाबल्यावर फिका पडत नाही, कातडी फाटलेली नाही. शेवटची कूस ६.३० ला उजवीकडे बदलली, पुढची ८.३० ला डावीकडे. आहार देण्यापूर्वी ट्यूब जागेवर असल्याची खात्री करून डोके उंच करावे.

उरलेले रुग्ण रात्रभर स्थिर होते. खाट ९ आणि १३ यांना आज सुट्टी अपेक्षित आहे, कागद तयार आहेत. खाट १८ चा थुंकीचा दुसरा नमुना बाकी आहे, डबी दिलेली आहे.

साहित्याबाबत. सर्पदंश लसीच्या ३४ कुप्यांपैकी २० वापरल्या, १४ शिल्लक आहेत. खाट ३ ला तिसऱ्यांदा लागली तर ४ राहतील, त्यामुळे मागणी आजच करावी. ॲट्रोपिनच्या ०.६ मिग्रॅच्या ६० ॲम्प्युल आहेत, म्हणजे ३६ मिग्रॅ, सध्याच्या वेगाने १८ तासांचा साठा. उद्या रविवारी औषध भांडार बंद असते. मागणीपत्र भरून टेबलावर ठेवले आहे, त्यावर परिसेविकांची सही हवी. रात्री १.२० वाजता वीज गेली तेव्हा सिरिंज पंप क्रमांक २ जनरेटर सुरू होण्याआधीच बंद पडला आणि त्याचा इशाराही वाजला नाही. त्यावर कागद चिकटवून तो बाजूला ठेवला आहे, खाट ७ पंप क्रमांक १ वर आहे. आपत्कालीन ट्रॉलीतील लॅरिंगोस्कोपचा दिवा आणि सक्शन ६.१० वाजता तपासले, दोन्ही चालतात, आणि ट्रॉली खाट ७ जवळच उभी आहे.

कपाटाच्या किल्ल्या आणि मोजून दिलेल्या औषधांची वही सोबत देत आहे. पुढील नोंदी ७.३० वाजता खाट ७ वर घेईन, ८ वाजताच्या आपण माझ्यासमोर घ्याव्यात. त्यानंतरच मी सही करून निघेन.

अधिपरिचारिका, रात्रपाळी
पुरुष वैद्यकीय कक्ष