मेनूचित्रासाठी प्रॉम्प्ट : फिल्टर कॉफी आणि कुंदा, एकाच रेषेत

बेळगावात टिळकवाडीतील एका लहान कॅफेच्या एकपानी मेनूसाठी उभ्या ए-४ आकाराचे, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचे, रेखाचित्र तयार करावे. संपूर्ण चित्र एकाच अखंड काळ्या रेषेने काढलेले असावे आणि पेन कागदावर टेकवल्यापासून शेवटपर्यंत एकदाही उचललेले नाही, हे पाहताक्षणी जाणवावे.

रेषा पानाच्या डाव्या कडेपासून, तळापासून साधारण एक-पंचमांश उंचीवर सुरू व्हावी. काही अंतर ती टेबलाची कड म्हणून सरळ जावी, मग वळून पसरट वाटी आणि त्या वाटीत ठेवलेला, बाहेर वळलेल्या काठाचा स्टीलचा पेला रेखाटावा. कान असलेला कप आणि बशी काढू नये. आमच्याकडे फिल्टर कॉफी पेल्यातच येते आणि गिऱ्हाइकाला ती पाहताच ओळखता आली पाहिजे. पेल्याच्या काठावरून तीच रेषा वाफ होऊन वर जावी, एक सैल वळसा घेऊन खाली उतरावी आणि शेजारच्या छोट्या बशीतील कुंद्यापाशी पोहोचावी. कुंदा गुळगुळीत वडीसारखा नसतो, तो रवाळ असतो; म्हणून त्याचा लहानसा ढीग चार-पाच असमान वेटोळ्यांनीच सुचवावा, ठिपके देऊ नयेत. तेथून रेषा पुन्हा टेबलाची कड होऊन उजव्या कडेबाहेर निघून जावी.

रेषेची जाडी सर्वत्र सारखी, छापल्यावर सुमारे पाऊण मिलिमीटर असावी. हात किंचित थरथरल्याचा जिवंतपणा तीत हवा, परंतु ब्रशसारखी जाड-बारीक होणारी रेषा नको. स्टीलची चकाकी, सावली, राखाडी छटा, भरलेले काळे भाग, कॉफीच्या बिया, पाने, चौकट, यांपैकी काहीही नसावे. बेळगावची ओळख म्हणून किल्ला किंवा कमलबस्तीही घालू नये. त्या वास्तू देखण्या आहेत, पण येथे पेला आणि कुंदा पुरेसे बोलतात.

वाफेसह सगळे चित्र पानाच्या खालच्या एक-तृतीयांश भागातच मावावे. वरचा दोन-तृतीयांश भाग पूर्ण कोरा, शुद्ध पांढरा राहावा, कारण तेथे कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पदार्थांची नावे व दर छापले जाणार आहेत. चित्रात मात्र कोणत्याही लिपीतील एकही अक्षर किंवा अंक नसावा. खालच्या भागातही वस्तूंची गर्दी न करता पेला आणि बशी यांच्यात निदान एका पेल्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा ठेवावी. रेषेचा संथपणा तिथेच दिसणार आहे.

पार्श्वभूमीला कागदाचा पोत किंवा पिवळसर झाक देऊ नये, कारण मेनू मुळातच क्रीम रंगाच्या कागदावर एकाच शाईत छापला जाईल. प्रतिमा २४८० × ३५०८ पिक्सेलची असावी. एका रेषेत दोन्ही वस्तू नीट बसत नसतील, तर कुंदा वगळावा. रेषा तोडू नये.