तंबोऱ्याच्या ऑर्डरला झालेल्या उशिराबद्दल

मिरज
२४ जून २०२५

सौ. वैशालीताई,
डोंबिवली

सप्रेम नमस्कार.

तुमचा तंबोरा १५ जूनला हातात द्यायचं ठरलं होतं. तो तयार नाही, आणि १० जुलैच्या गुरुपौर्णिमेपर्यंतही होणार नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही जानेवारीत ऑर्डर देतानाच कार्यक्रमाची तारीख सांगितली होती आणि १५,००० रुपये ॲडव्हान्स भरला होता. त्यामुळे ऐन वेळी ही धावपळ तुमच्या गळ्यात पडायला नको होती.

काय झालं ते सांगतो. भोपळा, गळा, दांडी जोडून आणि तबली बसवून मे महिन्यात काम पॉलिशपर्यंत आलं होतं. यंदा मेमध्येच पाऊस सुरू झाला. दमट हवेत चपड्याचा हात मारला की तो पांढुरका पडतो, म्हणून आम्ही कोरड्या दिवसाची वाट पाहत थांबलो. पण खरं कारण ते नव्हे. पॉलिशला हात लावण्याआधी जूनच्या सुरुवातीला तारा चढवून पाहिल्या, तेव्हा भोपळा गळ्याला मिळतो तिथे, डाव्या अंगाला, केसाएवढी चीर दिसली. नखाने चाचपली तर आतपर्यंत गेलेली. भोपळाच तिथे कच्चा निघाला.

सरस आणि लाकडाचा भुसा भरून, वर पॉलिश चढवून ती चीर बुजवता आली असती. तुम्हालाच काय, चांगल्या जाणकारालाही ती दिसली नसती. पण चारही तारांचा ताण त्याच जागेवर येतो. वर्ष-दोन वर्षांत चीर पुन्हा उघडते, मग तंबोरा सुरात राहत नाही आणि लोक जवारीला दोष देत बसतात. म्हणून तो भोपळा बाजूला काढला आणि नव्या भोपळ्यावर काम धरलं.

हे तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तुमचे दोन फोन आले, तेव्हा कारखान्यातून "होईल आठवड्यात" असं उत्तर गेलं. उत्तर देणाऱ्याला चीर ठाऊक होती. उशिरापेक्षा हे जास्त चुकलं असं मला वाटतं. त्याची जबाबदारी त्या मुलाची नाही, माझी आहे. यापुढे तुमच्या ऑर्डरबद्दल फक्त मीच बोलेन. गेल्या वर्षी मिरजेच्या तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून कामाची गर्दी वाढली आहे हे खरं. पण तुमच्या उशिराशी तिचा काही संबंध नाही, तेव्हा ते निमित्त पुढे करत नाही.

आता पुढचं. तुमच्या मापाचा, ४४ इंच घेराचा, पंढरपूरकडचा वाळलेला भोपळा माळ्यावर होता, तो निवडला आहे. वरून ठोकला तर सगळीकडून सारखा बोलतो. तो पाण्यात भिजवून, आतला गर खरवडून, तोंडाला काड्यांचा ताण देऊन सुकत ठेवला आहे. उन्हाळ्यात हे काम लवकर उरकतं, पावसात घाई केली की तोंड वाकडं होतं आणि गळा नीट बसत नाही. तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली पहिलीच वापरणार आहोत, त्यांत काही दोष नाही. हे सगळं धरून मी १० सप्टेंबर २०२५ ही तारीख देतो. गणपतीच्या आधीची तारीख सांगणं सोपं होतं, पण पाळणं जमेल अशी खात्री नाही.

गुरुपौर्णिमेसाठी कारखान्यातला एक जनानी तंबोरा तुमच्याकडे पाठवतो. माझा भाचा ४ जुलैच्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघेल, सकाळी कल्याणला उतरून तुमच्या घरी आणून देईल आणि काळी चारला लावूनच परत फिरेल. नवा येईपर्यंत तो तुमच्याकडेच राहू द्या. भाडं नाही, डिपॉझिट नाही, जाण्यायेण्याचा खर्च आमचा. दिसायला जुना आहे, तबलीवर एक ओरखडाही आहे, पण जवारी सुरेख बोलते. (विकायचा मात्र नाही. याआधी दोघांनी विचारून झालं आहे.) हा तंबोरा तुम्ही ऑर्डर ठेवा वा रद्द करा, दोन्ही परिस्थितीत येईल.

ऑर्डर ठेवणार असाल तर ठरलेल्या ३६,००० रुपयांतून १५ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये कमी करतो. एकूण किंमत ३०,६०० होईल, ॲडव्हान्स वजा जाता १५,६०० उरतील, आणि तेही तंबोरा घरी लावून ऐकल्यावरच द्यायचे. १० सप्टेंबरही चुकली तर पुढच्या दर आठवड्याला आणखी १,००० रुपये कमी होतील. नव्या वाद्याची जवारी पहिल्या वर्षात एक-दोनदा काढावी लागतेच, ती वर्षभर विनामूल्य. त्यासाठी तुम्हाला मिरजेला यावं लागणार नाही, मुंबईकडे फेरी असेल तेव्हा मी घरी येऊन काढून देईन.

ऑर्डर रद्द करायची असेल तर पूर्ण १५,००० रुपये त्याच दिवशी तुमच्या खात्यात जमा करतो. त्यातून भोपळ्याचे, मजुरीचे असे काही कापणार नाही. आज ठेवायचं ठरवून पुढे मन बदललं, तरी वाद्य ताब्यात घेईपर्यंत हा मार्ग खुला राहील. दुसरीकडे तयार तंबोरा बघत असाल तर तुमच्या माप-पट्टीचा कागद मी पाठवून देतो, कोणत्याही कारागिराला तो उपयोगी पडेल.

तुमच्या आईच्या तंबोऱ्याच्या ज्या चार शिसवी खुंट्या नव्याला बसवायला दिल्या आहेत, त्यांची काळजी असेल. त्या चीर गेलेल्या तंबोऱ्याला बसवल्याच नव्हत्या. चाचणी आमच्या साध्या खुंट्यांवर घेतली होती. तुमच्या खुंट्या सुती कापडात गुंडाळून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्यातली एक तळाशी थोडी झिजली आहे, तिला नव्या दांडीच्या भोकात पकड येण्यापुरती शिसवाची पट्टी लावावी लागेल. मूळ लाकूड तासणार नाही. ऑर्डर रद्द केलीत तर चारही खुंट्या भाच्याच्या हातूनच परत येतील, कुरिअरने नाही.

काय ठरवता ते १ जुलैपर्यंत याच व्हॉट्सॲप नंबरवर कळवा. फोन केलात तर आणखी बरं, दुपारी दोन ते चार सोडून कधीही करा. त्या वेळात शेजारी रंधा चालू असतो, बोलणं ऐकू येत नाही. चीर गेलेल्या भोपळ्याचे आणि नव्याचे फोटो सोबत पाठवले आहेत.

झालेल्या त्रासाबद्दल पुन्हा एकदा क्षमा असावी.

आपला,
सलीम
तंतुवाद्य कारखाना, मिरज

ता. क. : गुरुपौर्णिमेला दोन शिष्या काळी पाचात गाणार आहेत असं तुम्ही म्हणाला होतात. पाठवतो तो तंबोरा काळी पाचपर्यंत चढतो, पण त्याहून वर ओढू नका. पंचमाची जादा तार पिशवीत ठेवली आहे.