ओघळ, तीळ आणि वाकडा काठ : मगाच्या चित्रांसाठी प्रॉम्प्ट

दिवाळीच्या भट्टीसाठी चाळीस मग करायचे आहेत. निळं ग्लेझ कुठवर उतरू द्यायचं, हे ठरवण्यापुरती ही एआयकडून काढून घ्यायची चित्रं. विक्रीला फोटो लागतील ते भट्टीतून निघालेल्या मगांचेच.

मुख्य प्रॉम्प्ट :

चाकावर घडवलेला स्टोनवेअरचा एकच मग, ३०० मिली चहा मावेल एवढा. अंगावर दुधाळ पांढरं, किंचित मंद चमकीचं ग्लेझ. काठापासून तीन बोटं खालपर्यंत गडद निळ्याचा दुसरा थर, आणि त्याच्या कडेतून सुटलेले चार ओघळ, एकही दुसऱ्याएवढा लांब नाही. सर्वांत लांब ओघळ कानाच्या डावीकडे, मगाच्या निम्म्याच्याही खाली आलेला. प्रत्येक ओघळ टोकाशी जाड होऊन मण्यासारखा थांबलेला. तिथे निळा सर्वांत गडद, कडेने पांढऱ्यात धूसर मिसळलेला. बुडाशी बोटभर माती उघडी, भाजून खाकी झालेली. ओघळ तिथवर पोचलेले नाहीत.

तीळ मातीतल्या लोहाचे, ग्लेझच्या आतून वर आलेले : काही मोहरीएवढे, बरेचसे खसखशीएवढे, कडा तपकिरी पसरलेल्या. कुठे तिघं-चौघं जवळजवळ, कुठे ओसाड वाटावं इतकी मोकळी जागा. पांढऱ्यावर ठळक, निळ्याखाली जेमतेम.

काठ हाताचा : एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा उतरलेला, जाडी कमीजास्त, पण ओठ टेकतो तिथे गोल आणि गुळगुळीत. काठावर ग्लेझ पातळ झाल्याने मातीची तपकिरी रेघ दिसते, तीही मध्येच तुटणारी. अंगावर बोटांच्या आडव्या वळ्या, कान जिथे खाली जोडला तिथे अंगठ्याचा खळगा.

काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवलेला, डावीकडच्या खिडकीतून सकाळचा मऊ उजेड. मग रिकामा. टवका, तडा, वाफ, फुलं, अक्षरं नकोत.

ओघळ वरून रंग ओतल्यासारखे आले, तर हे जोडायचं :

ओघळ भट्टीच्या उष्णतेत वितळून सरकलेले, काचेसारखे. त्यांचा उठाव एक मिलिमीटरच्या आसपास. बोटांच्या वळीवर आले की तिथे थोडे अडकून रुंद झालेले. रबरासारखे लोंबणारे थेंब नकोत.

काठ बहुतेक वेळा कंपासने काढल्यासारखा गोल येतो, आणि मग सगळा मगच कारखान्यातला दिसतो. त्यासाठी वेगळं, जवळचं चित्र :

त्याच मगाचा फक्त काठ, किंचित वरून, अगदी जवळून. तोंड थोडं लंबगोल, कानाच्या बाजूला हलकेच ओढलं गेलेलं. आतल्या कडेला ग्लेझमध्ये टाचणीच्या टोकाएवढी दोन बारीक छिद्रं. पुढची कड स्पष्ट, मागची धूसर.

आणि शेवटचं, निळं नकोसं झालं तर : सगळं तसंच ठेवून वरचा थर काळपट तपकिरी, जाड असेल तिथे जवळजवळ काळा, काठावर आणि वळ्यांच्या उंचवट्यांवर गंजासारखा तांबूस.