शाळेतील छळाच्या लेखी तक्रारींची दखल न घेतल्याबाबत

दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, सातारा

महोदय,

माझा मुलगा आठवीत शिकतो. बोलताना तो अडखळतो. जूनपासून वर्गातील काही मुले त्याला ‘अडकलेली कॅसेट’ म्हणून चिडवतात, डबा लपवतात. जुलैमध्ये त्याच्या शर्टाच्या पाठीवर मार्करने ‘तोतरा’ लिहिले. तो तसाच दिवसभर वर्गात बसला, एकाही शिक्षकाने विचारले नाही. आता रोज सकाळी त्याचे पोट दुखते. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही.

मुख्याध्यापकांना मी ७ जुलैपासून वारंवार लेखी अर्ज दिले. प्रत्येकावर आवक शिक्का आहे, उत्तर एकालाही नाही. तोंडी मात्र “मुलं आहेत, चालायचंच” असे ऐकवले गेले.

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात विद्यार्थी सुरक्षेसाठी तक्रारपेटी व सखी सावित्री समितीबाबत स्पष्ट सूचना आहेत. माझी तक्रार समितीपुढे ठेवली का, हेही शाळा सांगत नाही.

कृपया चौकशी करून शाळेकडून लेखी खुलासा मागवावा आणि मुलाच्या सुरक्षिततेची व्यवस्था तातडीने करावी. त्या मुलांना शाळेतून काढा, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या पालकांना बोलावून समुपदेशन व्हावे. चौकशीत माझ्या मुलाला सर्वांसमोर उभे करून प्रश्न विचारू नयेत, ही कळकळीची विनंती. त्याला लिहून सांगणे सोपे जाते.

आपली विश्वासू,
सुनीता जाधव
(विद्यार्थ्याची आई)

सोबत : शिक्क्यासह अर्जांच्या प्रती, शर्टाचा फोटो, वैद्यकीय कागदपत्रे