सराव 1: एका खोलीच्या घराचं मोजमाप

घर मोठ्या बाबांचं, यवतमाळ जिल्ह्यातलं, गावालगतच्या काळ्या जमिनीवर. खोली आतून 3.60 × 3.00 मी., भिंत 0.23 मी. विटांची, उंची 3.00 मी., जोता 0.45 मी. एक दार 1.00 × 2.10, दोन खिडक्या 1.00 × 1.20.

मध्यरेषा: 2 × (3.83 + 3.23) = 14.12 मी. चारही कोपरे साधे आहेत, आडवी भिंत कुठे मिळत नाही, म्हणून वजावट नाही. पुढची बहुतेक मापं या एकाच आकड्यावर उभी आहेत, त्यामुळे तो दोनदा तपासला.

खोदकाम: 14.12 × 0.90 × 1.20 = 15.25 घ.मी. मिस्त्रींनी खड्डा करून दाखवला तेव्हा काळी माती संपून मुरूम सव्वा मीटरच्या आतच लागला, म्हणून खोदाईची खोली 1.20 धरली.
तळाचं काँक्रीट 1:4:8: 14.12 × 0.90 × 0.15 = 1.91
दगडी बांधकाम, पहिली पायरी: 14.12 × 0.60 × 0.60 = 5.08
दुसरी पायरी, जोत्यापर्यंत: 14.12 × 0.45 × 0.90 = 5.72

मुरूम भराई. इथे माझं चुकलं होतं. जोत्यातली भराई मी 3.60 × 3.00 ने काढली. पण जोत्याची भिंत 0.45 रुंद आहे, ती आत सरकते. बरोबर माप: 3.38 × 2.78 × 0.35 = 3.29 घ.मी. आधी 3.78 आलं होतं. चराच्या बाजूंची भराई: 15.25 − 1.91 − 5.08 − 2.86 = 5.40. (2.86 म्हणजे दुसऱ्या पायरीचा जमिनीखालचा भाग.) काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती परत भरायची नाही. म्हणून इथेही मुरूमच, एकूण 8.69. हे दाबून बसलेलं माप आहे, सुटा मुरूम ट्रॉलीत याहून जास्त मागवावा लागेल.

ओलरोधक थर: 14.12 × 0.45 − 1.00 × 0.45 = 5.90 चौ.मी.

विटांचं काम: 14.12 × 0.23 × 3.00 = 9.74 घ.मी. वजा: दार 0.48, खिडक्या 0.55, तीन लिंटेल (1.30 × 0.23 × 0.15) 0.13. उरलं 8.58. विटांची संख्या मुद्दाम लिहिली नाही. भट्टीची वीट मोजल्याशिवाय ती सांगणं बरोबर नाही.

स्लॅब, 0.30 छज्जा धरून: 4.66 × 4.06 × 0.12 = 2.27 घ.मी. लिंटेलसह 2.40. लोखंड सध्या एक टक्क्याने सुमारे 189 किलो. पक्का आकडा सळयांच्या तक्त्यावरून बदलेल.

प्लास्टर, आत-बाहेर एकच 1:4: आत 13.20 × 3.00 = 39.60, बाहेर 15.04 × 3.00 = 45.12. आयएस 1200 प्रमाणे 0.5 ते 3 चौ.मी.चं उघडं एकाच बाजूने वजा होतं, कडा वेगळ्या मोजत नाहीत. म्हणून 84.72 − 4.50 = 80.22 चौ.मी. छताचं 10.80 वेगळं.

फरशी: 10.80 + उंबरठा 0.23 = 11.03 चौ.मी.