धारवाडकडच्या भावफलकाचं मराठी

काका, ड्रायव्हरने पाठवलेला फोटो मोठा करून वाचला. फलक कानडीत आहे, पण आकडे आपले नेहमीचे इंग्रजी. डावीकडे ‘क्वि.’ म्हणजे क्विंटलचा भाव, उजवीकडे ‘के.जी.’ म्हणजे किलोचा. काल तुम्ही शेवगा आणि कांदा एकाच हिशोबात धरलात, घोळ तिथेच झाला. कानडी नावं जशी उच्चारतात तशीच ठेवली आहेत, फोनवर बोलताना उपयोगी पडतील.

डावी बाजू, रुपये प्रति क्विंटल (कनिष्ठ म्हणजे किमान, गरिष्ठ म्हणजे कमाल):

बिळि जोळ – पांढरी ज्वारी – २४०० ते ३६५०
मेक्केजोळ – मका – १९५० ते २२००
सज्जे – बाजरी – २२०० ते २६००
गोधि – गहू – २६५० ते ३१००
तोगरि – तूर – ६३०० ते ७… (पुढचे आकडे ट्यूबलाइटच्या चमकेत गेलेत)
कडले – हरभरा – ५१०० ते ५६००
हेसरु – मूग – ६४०० ते ७७००
उद्दु – उडीद – ६००० ते ७२००
शेंगा – भुईमूग शेंग – ४८०० ते ६२००
उळ्ळागड्डि – कांदा – ९०० ते १८५०
आलुगड्डे – बटाटा – १४०० ते २१००

मुगाच्या ओळीत मीही आधी फसले. ‘हेसरु’ म्हणजे मूगही आणि ‘नाव’ही. फलकाच्या डोक्यावर तोच शब्द आहे, तिथे तो नुसता ‘मालाचं नाव’ या अर्थाने. आणि जोळ ऐकून दोन्ही ज्वारीच समजू नका, मेक्केजोळ म्हणजे मका. शेंगा मात्र आपल्यासारख्याच, फक्त तिथे या शब्दाचा अर्थ भुईमूग एवढाच. शेवग्याला वेगळं नाव आहे.

उजवी बाजू, रुपये प्रति किलो, एकच भाव लिहिलाय:

बदनेकायि – वांगी – ३०
बेंडेकायि – भेंडी – ४०
हीरेकायि – दोडका – ४५
नुग्गेकायि – शेवगा – ६०
हसि मेणसिनकायि – हिरवी मिरची – ५०
बेळ्ळुळ्ळि – लसूण – ११०
मेंत्य सोप्पु – मेथी – १० (पुढे ‘कट्टु’ लिहिलंय, म्हणजे जुडी, किलो नव्हे)

आपल्या मार्केट यार्डात फळभाजीचा भाव दहा किलोवर आणि पालेभाजीचा शेकडा जुडीवर सांगतात, म्हणून शेवगा ६००, मेथी १००० असं धरा. कांद्याचा १८५० म्हणजे दहा किलोला १८५. पण उजवी बाजू किरकोळ विक्रीची वाटते. गुलटेकडीच्या घाऊक भावाशी ती ताडून बघण्यात अर्थ नाही. तुमच्या कामाची डावीच.

तारखेचा कोपरा फोटोत कापला गेलाय. ज्वारीचा सौदा बोलण्याआधी ड्रायव्हरकडून तेवढा पुन्हा काढून घ्या, तुरीचा आकडाही त्यातच मिळेल.