रात्रपाळीच्या आई-बाबांना

प्रिय मधुरा आणि निखिल,

बाळाच्या दुलईसोबत, त्याला घेऊन जागताना बघायच्या मालिकांची ही छोटी यादीही ठेवा.

‘ब्लूई’चा भाग जेमतेम सात मिनिटांचा. ढेकर काढेपर्यंत संपतो. ‘मालगुडी डेज’ (१९८६) वीसेक मिनिटांचं, बहुतेक गोष्टी सुट्या. मध्येच पेंगलात तरी धागा तुटत नाही. ‘गुल्लक’च्या पहिल्या सीझनचे पाचच भाग, पण त्यात भांडणं मोठ्या आवाजात, म्हणून दिवसा बघा.

सबटायटल्स चालू, ब्राइटनेस कमी आणि ऑटोप्ले आधी बंद; नाहीतर बाळ झोपतं आणि तुम्हीच जागे राहता. डोळे मिटू लागले की बाळाला पाळण्यात ठेवा. सोफ्यावर कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं. थरारपट? वर्षभर नकोतच.

ऑफिसातले आम्ही सगळे